लाभांशापुरते शॉर्ट केल्यास हाती काय उरते?

प्रश्न : मी कोल्हापूरला उद्यमनगरात मशिनिंगची जॉबवर्कची कामे करतो. एका कंपनीने शेअरमागे 18 रुपये लाभांश जाहीर केला आहे आणि भाव सध्या 640 आहे. ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला हा लाभांश मिळत नाही, त्या एक्स-डेटला भाव 18 रुपयांनी तुटणारच, म्हणून दोन-तीन दिवस आधी एसएलबीतून, म्हणजे शेअर उसने देण्या-घेण्याच्या एक्स्चेंजवरील व्यवस्थेतून, 500 शेअर उसने घेऊन विकावेत आणि नंतर 622 ला घेऊन परत करावेत, असे मनात आहे. उसनवारीचा दर शेअरमागे 6 रुपये आहे. 9,000 मधून 3,000 गेले तरी 6,000 सुटतात. मार्जिनला कामगारांच्या दिवाळी बोनससाठी बाजूला ठेवलेले पैसे वापरीन. करावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. माझे उत्तर ‘करू नये’ असे आहे, आणि त्याचे मुख्य कारण बाजाराची दिशा हे नसून आपल्या हिशोबातून सुटलेली एक ओळ हे आहे.

आपण उसने घेतलेले शेअर बाजारात विकल्यावर ते तिसऱ्याच कोणाच्या डीमॅट खात्यात जातात. रेकॉर्ड डेटला कंपनीच्या दप्तरी त्या खरेदीदाराचे नाव असते, त्यामुळे कंपनीचा लाभांश त्याला मिळतो. परंतु ज्याने आपल्याला शेअर दिले, त्याने ते विकलेले नाहीत. त्याचा लाभांशावरचा हक्क कायम आहे. कंपनी एकाच शेअरवर दोनदा लाभांश देत नाही, म्हणून दुसरा लाभांश आपल्या खिशातून जातो. एसएलबीच्या व्यवस्थेत क्लिअरिंग कॉर्पोरेशन ही रक्कम उसने घेणाऱ्याकडून वसूल करून देणाऱ्याला पोचवते. आपल्या बाबतीत ती 500 गुणिले 18, म्हणजे 9,000 रुपये होते. भाव अगदी आपल्या अंदाजाप्रमाणे 622 वर आला, तरी खरेदी-विक्रीतून मिळालेले 9,000 आणि लाभांशापोटी गेलेले 9,000 एकमेकांना पुसून टाकतात आणि आपल्याकडे फक्त खर्च शिल्लक राहतो.

तो खर्च किती, हे पाहू. उसनवारीचे शुल्क 3,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि या व्यवहारात तो भरण्याची जबाबदारी उसने घेणाऱ्यावर आहे, म्हणून आणखी 540 रुपये. डिलिव्हरीच्या व्यवहारावर एसटीटी हा शेअर व्यवहारावरचा कर दोन्ही बाजूंना 0.1 टक्का असल्याने विक्रीवर 320 आणि 622 च्या खरेदीवर 311 रुपये. खरेदीवरील मुद्रांक शुल्क सुमारे 47 रुपये. दलाली आणि एक्स्चेंजचे किरकोळ आकार मिळून मी 400 रुपये धरतो. आपल्या ब्रोकरचा दर वेगळा असेल तर तेवढा आकडा बदलून घ्यावा. एकूण 4,618 रुपये, म्हणजे शेअरमागे सव्वानऊ रुपयांच्या आसपास. ज्या परिस्थितीत आपल्याला 6,000 रुपये नफा दिसत होता, त्याच परिस्थितीत प्रत्यक्षात साडेचार हजारांहून अधिक तोटा होतो.

यावरून ना-नफा-ना-तोट्याचा भाव काढता येतो. विक्रीच्या 640 मधून लाभांशाचे 18 आणि खर्चाचे सव्वानऊ वजा केले की जवळपास 612.75 उरतात. परतफेडीची खरेदी याच्या खाली झाली तरच पहिला रुपया आपला. लाभांशामुळे होणारी घसरण यात मोजायची नाही. एक्स-डेटनंतरच्या 622 पासूनही शेअर आणखी दीड टक्क्याने स्वतःच्या कारणाने पडायला हवा, आणि तोही शुल्क भरलेल्या मुदतीच्या आत.

शिवाय भाव बरोबर 18 रुपयांनीच तुटेल, हेही गृहीत धरता येत नाही. एक्स-डेटला सकाळी भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो हे खरे. पण त्याच दिवशी बाजार वर असेल किंवा कंपनीविषयी चांगली बातमी आली असेल, तर ती घसरण बरीचशी भरून निघते. समजा भाव 634 वर स्थिरावला. आपल्याला भावात शेअरमागे 6 रुपये मिळाले, मात्र द्यावे लागले 18. पाचशे शेअरवर हे 6,000 रुपये आणि वर खर्च धरून तोटा सुमारे 10,625 रुपयांचा. भाव 670 झाला, तर तोटा 28,600 च्या पुढे जातो. उलट 600 पर्यंत पडला, तर भावातले 20,000, त्यातून लाभांश 9,000 आणि खर्च साधारण 4,600 वजा जाता हाती 6,400 च्या आसपास येतात.

आपण ‘मग लाभांश झाल्यावर शॉर्ट करतो’ असे म्हणाल, म्हणून तेही तपासले. एक्स-डेटनंतर विकल्यास लाभांश द्यावा लागत नाही, परंतु विक्रीचा भावही 640 ऐवजी 622 मिळतो, फलित तेच. लाभांश हे शॉर्ट करण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि न करण्याचेही नाही. फरक एवढाच की आधी शॉर्ट केल्यास 9,000 रुपये रोख तयार ठेवावे लागतात. फ्युचर्समध्येही ही फट सापडत नाही. लाभांश भावाच्या 2 टक्के किंवा अधिक असेल, तर एक्स्चेंज फ्युचर्सच्या भावात तेवढे समायोजन करते, आणि 640 वर 18 म्हणजे 2.8 टक्के होतात. त्याहून लहान लाभांश बाजार फ्युचर्सच्या भावात आधीच धरून चालतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. एसएलबीतले शुल्क विशिष्ट मुदतीसाठी आगाऊ भरायचे असते. आठवड्यातच शेअर परत केलेत, तर उरलेल्या काळासाठी ते पुन्हा कोणी उसने घेतले तरच काही परत मिळते. त्याची हमी नाही. भाव पडण्याची वाट पाहत मुदत संपली, तर नव्या मुदतीचे शुल्क त्या वेळच्या दराने द्यावे लागेल. महिन्याच्या मुदतीला 640 वर 6 रुपये हा दर वर्षाचा धरला तर 11 टक्क्यांच्या वर जातो. माझ्या मते एवढा दर लागत असेल, तर शॉर्ट करू पाहणारे आपण एकटे नाही असे समजावे.

बोनसच्या पैशांविषयी मात्र मी अधिक ठाम आहे. शॉर्टमध्ये विक्रीची रक्कम आपल्याला वापरायला मिळत नाही. ती तारणात अडकते, वर मार्जिन लागते, आणि भाव चढला की ते रोज वाढवून मागितले जाते. ते वेळेवर भरले नाही, तर ब्रोकर आपली पोझिशन त्या दिवशीच्या चढ्या भावाला बंद करू शकतो. घेतलेला शेअर शून्याच्या खाली जात नाही, पण विकलेला शेअर किती वर जाईल याला कमाल मर्यादा नाही. कामगारांना दिवाळीपूर्वी द्यायची रक्कम अशा ठिकाणी ठेवू नये. ती मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात राहू द्यावी.

कंपनीचा व्यवसायच बिघडतो आहे आणि भाव 612 च्या बराच खाली जाईल, असे आपले स्वतंत्र मत असेल, तर प्रश्न वेगळा आहे. तेव्हा स्वतःच्या वेगळ्या पैशांतून, 500 ऐवजी 100 शेअरवर, आणि कोणत्या भावाला तोटा घेऊन बाहेर पडायचे ते आधी लिहून ठेवून व्यवहार करता येईल. ऑर्डर देण्यापूर्वी ब्रोकरकडून उसनवारीची परतफेडीची तारीख, जीएसटीसह शुल्क आणि लाभांशाची वसुली खात्यातून कोणत्या दिवशी होईल, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. उसनवारी पक्की होण्याआधी मात्र विक्री करू नये, कारण दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी देता आली नाही तर ते शेअर आपल्या खर्चाने लिलावातून विकत घेतले जातात, आणि तिथला भाव या साऱ्या खर्चापेक्षा महाग पडू शकतो.