'फ्री रिटर्न' म्हणून पिकअपचे पैसे कापले, तर परत कसे मिळवायचे?

प्रश्न: सेनगावला कुर्ता मागवला, १,२४९ रुपये ऑनलाइन भरले. जाहिरातीत 'फ्री रिटर्न' होतं. साइज बसली नाही म्हणून परत केला, तर १,१५० च आले. ९९ रुपये 'रिव्हर्स पिकअप'चे कापलेत. ते मिळतील का?

उत्तर: मिळू शकतात, पण सगळं पुराव्यावर आहे. आधी ॲपमध्ये ती ऑर्डर उघडून रिफंडचा हिशेब बघा आणि स्क्रीनशॉट घ्या. कधी कधी कपात प्लॅटफॉर्म फीची असते, तो वाद वेगळा. तिथं 'रिव्हर्स पिकअप' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम.

मग जाहिरात आणि वस्तूचं पान, दोन्हींचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण ही पानं बदलतात. ऑर्डरचा ईमेलही चाळा, त्यात रिटर्नची ओळ असू शकते.

कंपनी बहुतेक एकच उत्तर देते: 'माल खराब किंवा चुकीचा आला तरच रिटर्न मोफत, नियम व अटींमध्ये लिहिलंय.' इथंच बरेच जण माघार घेतात, आणि ते बरोबर नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतल्या नियम ६ प्रमाणे विक्रेत्याने परत पाठवण्याचा खर्च स्पष्ट आणि सहज दिसेल असा सांगायला हवा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'फ्री' आणि अट कुठल्या तरी कोपऱ्यात, हे त्यात बसत नाही. मात्र वस्तूच्या पानावरच 'साइज बदलासाठी ९९ रुपये' असं ठळक दिसत असेल, तर तुमचा दावा कमकुवत होतो. पिकअपचं शुल्क घेणंच बेकायदा आहे असं नाही. मोफत सांगून ते घेणं चूक आहे.

कस्टमर केअरला चॅटवर लिहा आणि तिकीट नंबर घ्या. ९९ चं कूपन देऊ केलं तर 'मान्य नाही, ज्या खात्यातून पैसे भरले त्यातच द्या' असं लिहून कळवा. कूपन घेतलं की तिकीट 'सोडवलं' म्हणून बंद होण्याची भीती असते.

तिथं काम झालं नाही, तर वेबसाइटवर ग्रिव्हन्स ऑफिसरचा, म्हणजे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा, ईमेल शोधा. मजकूर छोटा ठेवा:

"ऑर्डर क्रमांक ___. जाहिरातीत 'फ्री रिटर्न' असताना ९९ रुपये कापले. जाहिरात, वस्तूचं पान आणि रिफंडचे स्क्रीनशॉट सोबत आहेत. रक्कम मूळ खात्यात परत करावी."

४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल, हे त्यांच्यावर बंधन आहे. तेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार टाका. तिथं कंपनीशी बोलणं होतं, हुकूम निघत नाही.

शेवटचा रस्ता हिंगोलीचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस कुठंही असो, तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. कूपन नाकारल्याचा चॅट आणि ग्रिव्हन्स ऑफिसरला पाठवलेला ईमेल, दोन्हींच्या प्रती तक्रारीला जोडा.