येणी 60 दिवसांवरून 90 वर गेली तर काय समजायचं?

प्रश्न: "कंपनीची विक्री 20 टक्क्यांनी वाढली, नफाही वाढला, तरी कर्ज वाढलंय. येण्यांचे दिवस 60 होते, ते 90 झालेत. धंदा ढिला पडलाय का?"

येणी म्हणजे उधारीवर विकलेल्या मालाचे ग्राहकांकडून यायचे पैसे, आणि येण्यांचे दिवस म्हणजे ते किती दिवसांच्या विक्रीइतके आहेत. आधी कर्ज का वाढलं ते पाहू. सोयीचे आकडे घेतो. पहिल्या वर्षी विक्री 365 कोटी, म्हणजे रोजची 1 कोटी, आणि येणी 60 कोटी. दुसऱ्या वर्षी रोजची विक्री 1.2 कोटी झाली. वसुली पूर्वीसारखीच राहिली असती तर येणी 72 कोटी झाली असती, आणि या 12 कोटींच्या वाढीबद्दल तक्रार करायचं कारण नव्हतं. प्रत्यक्षात ती 108 कोटी आहेत. जादा 36 कोटी निव्वळ दिवस 60 वरून 90 झाल्यामुळे अडकलेत. वर्षाचा नफा 30 कोटी असेल, तर तो सगळा ग्राहकांकडेच पडून आहे आणि वर आणखी उसने आणावे लागलेत.

पण लगेच ढिलाईचा शिक्का मारू नका. ताळेबंद एका दिवसाचा असतो आणि विक्री अख्ख्या वर्षाची. म्हणून येण्यांना शेवटच्या तिमाहीच्या विक्रीने भागून 90 ने गुणून बघा. त्या तिमाहीत 162 कोटींची विक्री झाली असेल, तर उत्तर 60 दिवसच येतं. म्हणजे वसुली बिघडलेली नाही, विक्री वर्षाच्या शेवटी एकवटली आहे.

ती का एकवटली, हा माझ्या मते खरा प्रश्न. हंगामी धंदा असेल तर मागच्या वर्षांतही हाच नमुना दिसेल. तसं नसेल, तर वर्षअखेरीला वितरकांच्या गळ्यात माल मारलेला असू शकतो. अशा वेळी मालसाठ्याचे दिवस (हे काढताना विक्री नव्हे, विकलेल्या मालाचा खर्च धरायचा) उलट कमी झालेले दिसतात आणि लोक त्याला कार्यक्षमता समजतात. माल कंपनीच्या गोदामातून वितरकाच्या गोदामात गेला, एवढंच झालेलं असतं. म्हणून साठा आणि येणी कायम शेजारी ठेवून वाचा. पुढच्या तिमाहीत विक्री एकदम आपटली, माल परत आला किंवा जुनी येणी तशीच राहिली, तर शंका खरी.

येणी किती जुनी आहेत याचा तक्ता अहवालात असेल तर तो आधी उघडा. सहा महिन्यांपुढची रक्कम वाढत असेल, तर सरासरी दिवस कितीही बरे दिसोत, त्यातलं काही बुडणार असं मी धरून चालतो.

उलटी बाजूही तपासा. दिवस अचानक घटले, तर कंपनीने बिलं वटवून बँकेकडून आगाऊ पैसे घेतलेत का, हे टिपांमध्ये पाहा. तिथे वसुली सुधारलेली नसते, फक्त येण्यांच्या बदल्यात पैसे उचललेले असतात.