जहाजाचा स्क्रबर: धुतलेलं पाणी जातं कुठे?

प्रश्न: इथे बडोद्यात आमच्या कारखान्याच्या स्क्रबरला कॉस्टिक लागतो. जहाजावर म्हणे नुसतं समुद्राचं पाणी चालतं. मग ते धुतलेलं पाणी जातं कुठे?

ओपन लूप असेल तर थेट समुद्रात परत. कॉस्टिकचं काम समुद्रातलं बायकार्बोनेट करतं. धुरातला सल्फर डायऑक्साइड फवाऱ्यात विरघळून आम्ल होतो, बायकार्बोनेट ते मारतं आणि उरतं सल्फेट, जे समुद्रात मुळातच भरपूर आहे. पण समुद्राचा हा क्षार फारच पातळ, म्हणून दर मेगावॉट-तासाला साधारण 45 घनमीटर पाणी लागतं. 10 मेगावॉटच्या इंजिनाला तासाला 450 घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 45 टँकर! बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच आणि गढूळपणा सतत मोजतात. काजळी आणि जड धातू मात्र त्याच पाण्यातून जातात. खरी तक्रार तीच, आणि म्हणूनच सिंगापूर बंदरात ओपन लूपला मनाई आहे.

एक अट: बाल्टिकच्या उत्तर टोकासारख्या मचूळ पाण्यात बायकार्बोनेट कमी पडतं आणि चिमणीतला सल्फर चढू लागतो. तिथे क्लोज्ड लूप, तुमच्यासारखाच कॉस्टिक घालून तेच पाणी फिरवायचं. त्यातला गाळ जहाजावर जाळता येत नाही, बंदरात उतरवावा लागतो.