नामी, आर्लाँग आणि सोडून जाण्याची मुभा

प्रश्न: मी नागपुरात रूम करून राहतो. साहसकथेत चार अनोळखी माणसं एकत्र येऊन एकमेकांचं कुटुंब होतात, हे कितीदाही पाहिलं तरी मला भरून येतं. काही ठिकाणी मात्र तेच खोटं वाटतं. असं का होत असेल?

मला हे 'वन पीस'मधल्या नामीच्या गोष्टीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. एइचिरो ओदा यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९७पासून चालू आहे आणि २०२३च्या नेटफ्लिक्स मालिकेचा पहिला सीझन याच कथेपर्यंत येतो. पुढे सगळं उघड करून सांगतो आहे, त्यामुळे बघायचं राहिलं असेल तर आधी बघून घ्या.

नामी आणि नोजिको या अनाथ मुली. बेलमेर नावाच्या बाईने त्यांना युद्धभूमीवरून उचलून आणलं आणि वाढवलं. आर्लाँग हा समुद्री चाचा त्यांच्या गावावर कब्जा करतो आणि जिवंत राहण्याची किंमत लावतो: मोठ्या माणसाचे १,००,००० बेरी, मुलाचे ५०,०००. बेलमेरकडे जेमतेम एक लाख असतात. या मुली तिच्या असल्याची कुठेही नोंद नाही. "मला मुलं नाहीत" एवढं म्हटलं की ती वाचणार असते. ती ते पैसे दोन्ही मुलींच्या नावाने देते आणि गोळी खाते.

इथपर्यंत त्यागाची कथा आहे, आणि तशा पुष्कळ असतात. ओदा यांचं कसब पुढे दिसतं. आर्लाँग नामीला नकाशे काढायला नेतो आणि तिला आपल्या टोळीतली म्हणवतो. तिच्या दंडावर त्याच्या टोळीचं गोंदण असतं. दहा कोटी बेरी आणून दिल्यास गाव मोकळं करीन, असा सौदा होतो आणि ती आठ वर्षं चोऱ्या करून पैसे साठवते. म्हणजे टोळी आहे, काम आहे, सगळ्यांसमोर 'ही आमची' म्हणणारा म्होरक्याही आहे. तरी ते कुटुंब नाही हे आपल्याला लगेच कळतं, कारण तिथून तिला निघता येत नाही.

आता गावाकडे बघा. नामी चाच्यांना मिळाली म्हणून गावकरी तिच्याशी तुटक वागतात. नंतर उलगडतं की तिचा सौदा त्यांना पहिल्यापासून ठाऊक होता. माहीत नसल्याचं सोंग त्यांनी एकाच कारणासाठी घेतलं: आपण आस लावून बसलोय हे तिला कळलं, तर कधी पळून जावंसं वाटलं तरी ती जाऊ शकणार नाही. मला हा या कथेतला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो, पुढे येणाऱ्या टोपीच्या प्रसंगाहूनही.

टोपीचा प्रसंग येतो तो सौदा मोडल्यावर. आर्लाँगच्या पैशावर पोसलेला नौदलाचा कॅप्टन तिची साठवण जप्त करतो. ती सुरीने दंडावरचं गोंदण भोसकत सुटते आणि कथेचा नायक, दुसऱ्या एका चाच्यांच्या जहाजाचा कप्तान लुफी, तिचा हात धरतो. नोजिको नामीची कहाणी सांगायला बसली तेव्हा तो ऐकायला न थांबता निघून गेला होता, आत्ताही तो काही विचारत नाही. नामी मदत मागते, तो आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो आणि लढायला जातो. लढाईत तो आर्लाँगला सांगतो की मला तलवार चालवता येत नाही, जहाज हाकता येत नाही, स्वयंपाक येत नाही, खोटंही बोलता येत नाही. माणसांच्या मदतीशिवाय मी जगू शकत नाही. आर्लाँगलाही नामीची गरज आहे, लुफीलाही. पण आधी नामी लुफीचं जहाज घेऊन पळाली तेव्हा त्याने तिच्यावर हिशेब काढला नाही. आर्लाँग जिंकला असता तर तिला पुन्हा नकाशांच्या खोलीत बसवलं असतं. लुफी ती खोलीच फोडून टाकतो. त्यानंतर ती लुफीच्या जहाजावर येते ती स्वतःच्या मर्जीने.

प्रेक्षकाला हे भिडतं, कारण आपण वाढतो त्या नात्यांमध्ये प्रेम आणि उपकार एकमेकांत मिसळलेले असतात. घरचे चांगले असले तरी 'तुझ्यासाठी आम्ही एवढं केलं' याचं ओझं राहतंच. गोंदिया-गडचिरोलीहून नागपुरात येऊन राहणाऱ्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. रूम पार्टनरच्या वडिलांना मेडिकलला भरती केलं की बाकीचे पाळ्या लावून रात्र काढतात, आणि नंतर तो विषय कुणी काढत नाही. ज्यांचं घर प्रेमळ आहे त्यांनाही ही कथा रडवते. ती फक्त एकट्या पडलेल्यांसाठी आहे असं मला वाटत नाही.

तुम्हाला खोटं वाटतं ते बहुतेक अशा ठिकाणी, जिथे पात्रं एकमेकांना कुटुंब म्हणतात, पण कुणाला निघून जाण्याची खरी संधी कधी मिळालेलीच नसते. संकट त्यांना बांधून ठेवतं आणि लेखक त्यालाच माया म्हणतो. ओळखायची एक सोपी खूण आहे: संकट काढून टाका आणि हे लोक दुसऱ्या दिवशी एकत्र राहतील का ते बघा. नामीच्या बाबतीत आर्लाँग हरल्यावरही कथा तिला गावात राहण्याची पूर्ण मोकळीक देते. ती ठरवते, गर्दीतून धावत जहाजावर चढते, आणि शर्ट उचलते तेव्हा वाटेत गावकऱ्यांची लांबवलेली पाकिटं डेकवर पडतात.