सहलीच्या रात्रीचा डोस आणि पहाटे दोनची तपासणी

«मुलगी ९ वर्षांची, टाइप १ मधुमेह आहे. शाळेची एका मुक्कामाची सहल आहे, दिवसभर चालणं आणि खेळणं. सोबत काय द्यायचं आणि रात्री तिच्याकडे कोण बघणार?»

दिवसापेक्षा रात्रीची तयारी जास्त करा. दिवसभर दमलेले स्नायू संपलेली साखर रात्री रक्तातून ओढून भरून काढतात, शिवाय इन्सुलिनही जास्त लागू पडतं. त्यामुळे संध्याकाळी १५० असलेली शुगर पहाटे ६० होऊ शकते, आणि झोपलेल्या मुलीला ते कळत नाही.

म्हणून अशा रात्री बेसल डोस, म्हणजे दिवसरात्र सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचा डोस, साधारण २० टक्के कमी करतात. म्हणजे १० युनिटऐवजी ८. बेसल पूर्ण बंद मात्र कधीच करायचं नाही, रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं वाढतात. तिचा नेमका आकडा डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. कागदावर ‘गरजेनुसार’ असा शब्द नको. शिक्षकांना आकडा लागतो. झोपताना शुगर चढलेली दिसली तर दुरुस्तीचा डोस द्यायचा का, किती, हेही त्यावर हवं. चुका तिथेच होतात: २६० बघून कुणीतरी घरच्यासारखा पूर्ण डोस देतं आणि पहाटे तिची शुगर लो होते.

झोपताना १२५ च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच झोपवायचं. मग पहाटे दोनला बोटातून तपासणी. ती कोण करणार त्या शिक्षकाचं नाव कागदावर हवं, आणि त्यांनी तिच्याच खोलीत किंवा शेजारी झोपावं. ‘आम्ही सगळे लक्ष ठेवू’ म्हणजे कुणीच उठत नाही! अंगावर शुगर मोजणारा सेन्सर असला तरी ग्लुकोमीटर द्याच; सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की तो खोटा लो दाखवतो.

७० च्या खाली गेल्यास वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम ग्लुकोज. ती ३२ किलोची असेल तर सुमारे १० ग्रॅम. घरीच काट्यावर मोजून १० ग्रॅमच्या सहा पुड्या बांधा. एक पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून खाली असेल तर दुसरी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही: कुशीवर वळवा, शुगर चढवणारं ग्लुकागॉन द्या, रुग्णवाहिका बोलवा. २५ किलोच्या वरच्या मुलाला ग्लुकागॉनच्या इंजेक्शनचा डोस १ मिलिग्रॅम असतो. ते कसं द्यायचं हे शिक्षकांना निघण्याआधी दाखवून ठेवा.

सामान दुप्पट आणि दोन पिशव्यांत: बेसल आणि जेवणाच्या वेळचं अशा दोन्ही इन्सुलिनची पेनं, सुया, पट्ट्या, लॅन्सेट, कीटोनच्या पट्ट्या, पुड्या. एक पिशवी शिक्षकांकडे, दुसरी तिच्या पाठीवर. बसच्या डिकीत एकही नाही, तिथे इन्सुलिन तापून खराब होतं. बर्फाला चिकटूनही ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. आणि तपासणीआधी हात धुवायला सांगा. बोटाला लागलेला गोड कण शुगर शंभरने वाढवून दाखवू शकतो, आणि त्या आकड्यावर डोस दिला गेला तर संपलंच.