सकाळचं 'हं' हेही उत्तरच

"दहावीतला मुलगा नाश्त्याला तोंड पाडून बसतो. 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर नुसतं 'हं'. काय बोलावं?"

एकदाच बोला, बसता बसता, आणि उत्तराची वाट बघू नका. या वयात झोपेचं चक्र तास-दोन तास पुढे सरकतं. रात्री अकरापर्यंत डोळाच लागत नाही आणि साडेपाचला क्लाससाठी उठायचं. उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, मेंदू पुरता जागा नसतो. त्याचा राग तुमच्यावर नसतो.

आमच्याकडे जळगावला मी आधी पोराला रोज विचारायचे, "झोप झाली का? डबा भरला का? तोंड का असं?" तिसऱ्या प्रश्नाला ताट सरकवलं जायचं. आता फोडणीच्या भाकरीची ताटली समोर ठेवते, "उठला का भाऊ? शेव घे वरून," एवढंच म्हणते आणि ओट्याकडे वळते. तोंडाकडे बघत उभं राहिलं की त्याला ती हजेरी वाटते. डब्याची आठवण चपला घालताना करते, तोवर तो माणसात आलेला असतो.

घरातल्यांनाही सांगा, "बोल ना जरा, हस ना" नको. आजी सांगूनही ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

सुट्टीच्या दिवशी मनसोक्त झोपून उठल्यावरही कित्येक आठवडे तो तसाच गप्प राहिला, जेवण-मित्र सुटले, तर मात्र ते झोपेवर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा.