श्लेषाचं विश्लेषण आणि दमयंतीची आई

प्रश्न : "विनोद समजावून सांगितला की मरतो असं सगळे म्हणतात. तो नेमका का मरतो? आणि या समजावण्याला 'विश्लेषण' म्हणायचं की 'स्पष्टीकरण'? माझी भाची बंगळुरूला वाढली. मराठी बोलते, पण कोट्या तिच्या डोक्यावरून जातात. समजावलं की 'ओके' म्हणते आणि फोनमध्ये डोकं घालते."

हे दोन शब्द एकच समजून वापरायची सध्या साथच आली आहे. टीव्हीवर चार माणसं एकाच वेळी बोलायला लागली की ते 'विश्लेषण'. कचेरीत उशिरा आल्याबद्दल लेखी सबब द्यायची तर ते 'स्पष्टीकरण'. आणि एखादा पुढारी नको ते बोलून बसला की 'तो विनोद होता' हेही स्पष्टीकरणच. शब्द इतके झिजवले की त्यांच्या पोटात काय आहे हे कुणाला दिसत नाही. 'विनोद'ची व्युत्पत्ती (वि + नुद्, दूर सारणे वगैरे) कुठल्याही कोशात मिळेल, ती मी सांगत बसत नाही. खरी गंमत 'विश्लेषण'मध्ये आहे.

धातू श्लिष् : चिकटणे, बिलगणे. यावरून आश्लेष म्हणजे मिठी, श्लेष्मा म्हणजे कफ (तोही चिकटच) आणि श्लेष म्हणजे दोन अर्थ एका शब्दाला बिलगून बसलेले. मिठी, कफ आणि कोटी सख्खी भावंडं आहेत, हे मला कळलं त्या दिवशी मी घरात कुणालाही स्वस्थ बसू दिलं नव्हतं. आता याला 'वि' लावा. विश्लेष म्हणजे मिठी सुटणे, ताटातूट. मेघदूताच्या सुरुवातीच्याच श्लोकांत 'कण्ठाश्लेष' येतो, गळामिठी. पुढे चारच श्लोकांनी यक्ष स्वतःला 'धनपतिक्रोधविश्लेषित' म्हणवतो, म्हणजे कुबेराच्या रागाने प्रियेपासून तोडलेला. रामगिरीवर, म्हणजे आपण मानतो त्या रामटेकवर, तो बिचारा वर्षभर 'विश्लेषण' भोगत होता.

तेव्हा श्लेषाचं विश्लेषण करणे म्हणजे मिठी मारलेल्या दोघांना धरून वेगळं करणे. विनोद का मरतो याचं माझ्या मते एवढंच उत्तर आहे, आणि ते शब्दातच लिहिलेलं आहे.

यावर कुणीतरी जर्मन तत्त्वज्ञ कान्टला घेऊन येईलच. त्याने १७९० मध्ये लिहिलं की ताणलेली अपेक्षा एकदम शून्यात विरते तेव्हा हसू येतं. मग समजावल्याने अचानकपणा जातो, म्हणून विनोद मरतो, असा त्याचा सोपा अर्थ काढतात. मला हे कधीच पटलेलं नाही. तमाशाच्या गवळणीत मावशी काय बोलणार हे प्रेक्षकांना पाठ असतं. बाप हसला त्याच वाक्याला मुलगा हसतो, आणि पुढच्या वर्षी दोघंही पुन्हा हसतात. तिथे अचानक काय उरलं? उरतं ते एवढंच की दोन अर्थ प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या डोक्यात नव्याने एकमेकांना भेटतात. ती भेट त्याच्या डोक्यात न होता तुमच्या तोंडून झाली, की त्याच्या वाट्याला नुसती बातमी येते.

शाळेत सगळ्यांनी वाचलेलं उदाहरण घेऊ. दमयंती नलाच्या ध्यासाने मूर्च्छित पडली आहे. शीतल उपचारांनी जागी होते आणि हळूच म्हणते, 'औषध नलगे मजला'. आई ते ऐकून 'बरे' म्हणून डोलते. आईने ऐकलं 'न लगे', औषध नको. मुलगी म्हणाली 'नल गे', अगं, माझं औषध नल आहे. दोन्ही खरं. शिवाय गंमत अशी की कोटी न कळलेली व्यक्ती या कवितेतच बसली आहे, आणि आपण हसतो ते तिच्या समाधानी डोलण्याला. तिला कुणी 'अहो, म्हणजे बघा, ती नलाबद्दल बोलते आहे' असं सांगितलं असतं, तर कोटीही गेली असती आणि घरात गोंधळही झाला असता.

हे छापताना 'नलगे' सलग छापावं लागतं. काही पुस्तकांत 'न लगे' असं सुटं छापलेलं मी पाहिलं आहे. तिथे मुद्रितशोधकानेच आईची बाजू घेतली. जुन्या पोथ्यांमध्ये आणि मोडीत शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती, त्यामुळे कोटी सुखरूप राहायची. एक रिकामी जागा हेही विश्लेषणच.

श्लेष शब्दाचा की अर्थाचा, यावर आमच्या आलंकारिकांनी, म्हणजे संस्कृत काव्यशास्त्र लिहिणाऱ्यांनी, पुष्कळ भांडण केलं आहे. रुय्यक म्हणतो, शब्द तोडून दुसरा अर्थ निघतो तो सभंग श्लेष म्हणजे लाख आणि लाकूड, चिकटलेल्या दोन वेगळ्या वस्तू. न तोडता निघतो तो अभंग म्हणजे एका देठाला लागलेली दोन फळं. पहिला शब्दाचा, दुसरा अर्थाचा. उपमा सुरेख आहेत, वाटणी चुकीची आहे. मम्मटाची कसोटी साधी आहे : शब्द काढून समानार्थी शब्द घाला. गंमत टिकली तर ती अर्थाची, गेली तर शब्दाची. तोडण्याचा प्रश्नच नाही. फ्रॉइडने १९०५ मध्ये विनोदांवर हाच प्रयोग केला, शब्द बदलून विनोद उडतो का ते पाहिलं. मम्मट अकराव्या शतकातला. असो.

ही कसोटी तुमच्या कामाची आहे. 'नलगे' काढून 'नको' घाला, काहीच उरत नाही. पण पुणेरी यजमान पाहुण्याला विचारतात, 'चहा घेऊनच आला असाल ना?' तिथे चहाच्या जागी कॉफी घाला, सरबत घाला, गंमत शाबूत राहते. असा विनोद कळला नाही तर फक्त रीत सांगायची असते : इतर घरी 'चहा घेणार ना?' विचारतात. बस. दुसऱ्या प्रकारात समजावणं सोसतं. पहिल्या प्रकारात तुम्ही 'नलगे म्हणजे...' असं म्हणता, तेव्हा नकळत मम्मटाची कसोटी जिवंत रोग्यावर करत असता. 'म्हणजे' हा शब्द तिथे सुरीसारखा चालतो.

आता 'स्पष्ट'. हा आला स्पश् धातूवरून, अर्थ पाहणे. स्पष्ट म्हणजे पाहिलेलं, दिसलेलं. त्यात तोडणं कुठेच नाही. आणि स्पश म्हणजे हेर! माघाने शिशुपालवधात यावरच कोटी केली आहे : 'शब्दविद्येव नो भाति राजनीतिरपस्पशा'. 'अपस्पशा' हा शब्द अप-स्पशा असा तोडला तर हेरांवाचून, अ-पस्पशा असा तोडला तर पस्पशावाचून. पतंजलीच्या महाभाष्यातल्या पहिल्या प्रकरणाचं नाव पस्पशा, तेही याच धातूचं. हेरांशिवाय राजनीती शोभत नाही, तसं पस्पशाशिवाय व्याकरण. पाहण्याच्या धातूवर पाहण्याच्याच धातूची कोटी! यावर मी तासभर बोलू शकते, पण भाची राहून जाईल.

तर स्पष्टीकरण करणाऱ्याने आधी हेर व्हायचं. समोरच्याला काय दिसत नाही ते शोधायचं. माझी धाकटी जाऊ धारवाडची, घरात कन्नड. 'नलगे'पाशी ती अडली तेव्हा मी तिला दोन्ही अर्थ ओळीने सांगितले. ती म्हणाली, 'हं, कळलं.' इतक्या लगेच आलेलं 'कळलं' म्हणजे कळलेलं नसतं, हे मला तेव्हा समजायला हवं होतं. नंतर सहज विचारलं तेव्हा उलगडलं की तिला दमयंतीची गोष्ट उत्तम माहीत होती, कदाचित माझ्याहून जास्त. 'लगे' म्हणजे लागे हेही तिने ओळखलं होतं. अडलं होतं दोनच ठिकाणी. एक, आमच्या घरात सगळे 'नळराजा' म्हणतात, त्यामुळे 'नल' तिला नाव वाटलंच नाही. (इथे ळ चालणारही नाही, 'नळगे'तून 'न लगे' कसं निघणार?) दोन, 'गे' ही बाईने बाईला मारलेली जुनी हाक आहे, आजची 'गं', हे तिला ठाऊक नव्हतं. आजच्या मुलांना तर त्या 'गे'वर भलतंच सुचतं आणि ती चुकीच्या जागी हसतात.

म्हणून मी कविता बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना बोलता बोलता सांगितलं की सासूबाईंची आजी सगळ्यांना 'काय गे' म्हणायची, आणि संस्कृतात नळाचा नल होतो. कोटीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी ती ओळ पुन्हा म्हटली, कुठेही न थांबता, कुठल्याही अक्षरावर जोर न देता. जोर दिला की तीही फोड झाली. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग 'अय्यो!' म्हणाली. खदखदून हसली नाही. पहिलं हसू मी आदल्या दिवशीच घालवलं होतं आणि ते परत येत नाही, हेही तुम्हाला सांगून ठेवते. भाचीला आधी दोन्ही अर्थ सांगून झाले असतील, तर ती कोटी सोडा आणि दुसरी घ्या.

कळलं की नाही हे हसण्यावरून ओळखू नका, माणसं भिडेखातरही हसतात. आठवडाभराने आमच्याकडे सकाळी पाणी आलं नाही. मी सांधे धरून बसले होते, म्हटलं, गोळी दे. जाऊबाई रिकामी बादली घेऊन मोरीच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, 'तुम्हाला गोळी. औषध नळ गे मजला.'